एकच मोठा फणस, आठवडाभर पुरवायचा

सोलापुरात फणस बाहेरून येतो त्यामुळे फोडी महाग अन् अख्खा पिकलेला घेतला तर दोन दिवसांत मऊ पडून वाया. त्यापेक्षा वास नुकताच सुटलाय पण दाबला तर कडक लागतोय असा कापा जातीचा अख्खा फणस बघून घ्या.

१. पहिल्या दिवशी हाताला अन् सुरीला तेल लावून पाव भागच कापा. फिक्कट करकरीत गरे काढून शेंगदाण्याचं कूट, काळं तिखट घालून भाजी करा, भाकरीसोबत मस्त लागते.

२. उरलेल्याचा चीक कागदाने पुसा, कापलेली बाजू झाकून सावलीत ठेवा. दोनेक दिवसांत पिवळा होऊन गोड लागला की सगळे गरे काढून डब्यात, फ्रीजमध्ये.

३. खाऊन उरलेले मऊ गरे मिक्सरला फिरवा. दोन वाट्या रसाला एक वाटी इडली रवा, अर्धी वाटी गूळ, चिमूटभर मीठ, तासभर भिजवून इडलीपात्रात वीस मिनिटं वाफवा, सांदणं तयार. रवा फुगून घट्ट झालं तर थोडं दूध.

४. आठळ्या धुऊन सुकवा, प्रत्येकीला चीर देऊनच कढईत मंद आचेवर भाजा, नाहीतर फटकन फुटून अंगावर उडतात. आतून पिठूळ झाल्या की मीठ लावून खा.

अन् उन्हाळ्यात कापलेली बाजू बुळबुळीत झाली किंवा आंबूस वास आला तर तेवढा भाग सरळ टाकून द्यायचा, चव बघत बसू नका.