पावसात टाकीत पाणी गेलं, तर बाटली ओतावी की टाकी रिकामी करावी?

बाइकच्या टाकीच्या झाकणाखालचं निचऱ्याचं भोक बुजलं, की मुंबईच्या पावसात पाणी थेट टाकीत उतरतं. गाडी धक्के देत बंद पडते, मग दुकानदार पाणी पेट्रोलमध्ये मिसळून जाईल म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली पुढे करतो.

ती ओतण्याआधी टाकीच्या तळातलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा आणि अर्धा तास हलवू नका. खाली वेगळा थर दिसला, तर अल्कोहोलच्या बाटलीचे पैसे वाचवा. समजा टाकीत ४ लिटर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल आहे. त्यात आधीच सुमारे ८०० मिली इथेनॉल असतं. १०० मिली पाणी शिरलं, तर ते इथेनॉललाच ओढून तळाशी बसतं. तिथे आणखी १०० मिली अल्कोहोलने काय होणार? वरच्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरलेला असतो, म्हणून सगळंच काढायचं. टाकी कोरडी करा, कार्ब्युरेटर असेल तर त्याच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सोडा, भोक तारेने मोकळं करा. नाहीतर पुढच्या सरीला पुन्हा तेच.

थर नसेल, तर ई-२० ते दोन-चार थेंब स्वतःच जिरवतं. बाटलीचा खरा उपयोग इथेनॉल नसलेल्या पेट्रोलमध्ये, तोही चमचाभर पाण्यापुरता.