इस्त्रीवरचे ठिपके कसे वाचावेत: रेशीम, सुती, लिनन आणि सिंथेटिक कपड्यांसाठी

समजा, तुमच्यासमोर लिननचं एक जॅकेट आहे. इस्त्रीच्या चकतीवर लिनन सगळ्यांत शेवटी, तीन ठिपक्यांच्याही टोकाला लिहिलेलं आहे. जॅकेटच्या आतल्या शिवणीत मात्र एक छोटं लेबल आहे, त्यावर इस्त्रीचं चित्र आहे आणि त्या चित्रात दोनच ठिपके आहेत. मग ऐकायचं कुणाचं?

लेबलचं. इस्त्रीला फक्त कापडांची नावं माहीत असतात, तर लेबल त्या एका कपड्याबद्दल बोलतं. या जॅकेटचं बाहेरचं कापड लिननचं असलं तरी आतलं अस्तर पॉलिएस्टरचं आहे, आणि तीन ठिपक्यांची उष्णता त्या अस्तराला सोसणारी नाही. बहुतेक कपडे असेच बिघडतात. माणूस कापडाचं नाव बघतो आणि ठिपके बघायचे राहून जातात.

ठिपक्यांचा अर्थ ठरलेला आहे. कपड्यांच्या निगेच्या खुणांसाठी आयएसओ ३७५८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. लेबलवरच्या इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल तर इस्त्रीचा तळ साधारण ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला चालतो, दोन असतील तर साधारण १५० पर्यंत आणि तीन असतील तर साधारण २०० पर्यंत. इथे ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ठिपके कमाल मर्यादा सांगतात. तेवढं तापवलंच पाहिजे असं ते सांगत नाहीत. तीन ठिपक्यांचा पातळ सुती रुमाल दोनवर सरळ होत असेल तर तीनवर जायचं कारण नाही. चित्रावर फुली असेल तर इस्त्री करायचीच नाही. चित्राखाली वाफेच्या रेषा काढून त्यांवर फुली असेल तर इस्त्री चालते, वाफ चालत नाही.

आता इस्त्रीची चकती पाहू. तिच्यावरही तेच ठिपके असतात आणि शेजारी कापडांची नावं असतात. पण नावांची मांडणी प्रत्येक इस्त्रीवर सारखी नसते. रेशीम एखाद्या इस्त्रीवर एका ठिपक्याजवळ असतं, दुसरीवर लोकरीबरोबर दोन ठिपक्यांजवळ. ‘सिंथेटिक’ या एका शब्दात तर नायलॉन, ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टर सगळे कोंबलेले असतात, आणि त्यांची सोसण्याची ताकद वेगवेगळी असते. म्हणून सवय अशी लावा: आधी लेबलवरचे ठिपके मोजायचे, मग चकती तेवढ्याच ठिपक्यांवर आणायची. लेबल नसेल तरच नावाकडे वळायचं.

चकती फिरवली की तापमान लगेच बदलत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. इस्त्रीच्या आत उष्णतेने वाकणारी दोन धातूंची पट्टी असते. ती वीज जोडते आणि तोडते, त्यामुळे तळाचं तापमान ठरवलेल्या आकड्याच्या थोडं वर-खाली होत राहतं. सर्वांत मोठी उडी पहिल्यांदा तापताना बसते. वीज तुटली तरी आतली उष्णता तळापर्यंत पोहोचत राहते आणि तळ काही वेळ मर्यादेपेक्षा जास्त गरम होतो. बऱ्याच इस्त्र्यांमध्ये तापताना दिवा लागतो आणि ठरलेलं तापमान आलं की विझतो. नाजूक कापड असेल तर दिवा पहिल्यांदा विझल्यावर लगेच सुरुवात करू नका. तो पुन्हा लागून पुन्हा विझू द्या, मग इस्त्री टेका.

गरमकडून थंडकडे येताना हाच दिवा उपयोगी पडतो. तीन ठिपक्यांवरून एकावर आणलंत की दिवा विझलेलाच राहतो, आणि ‘विझला म्हणजे तयार’ असं वाटून फसायला होतं. खरं तर तळ अजून तीन ठिपक्यांइतकाच तापलेला असतो. तो निवत निवत नव्या मर्यादेखाली आला की दिवा आपोआप लागतो. तो लागण्याची वाट पाहायची. त्याला बराच वेळ लागतो, म्हणून कपड्यांचा ढीग समोर असेल तर सुरुवात एका ठिपक्याच्या कपड्यांपासून करून चढत जाणं सोपं.

सिंथेटिकवर मी जास्त वेळ घालवते, कारण इथली चूक पुसता येत नाही. सुती कापडाचे तंतू उष्णतेने वितळत नाहीत, जास्त झालं तर करपतात. नायलॉन आणि पॉलिएस्टर आधी मऊ पडतात आणि मग वितळतात. वितळायला दोनशेच्या वरचं तापमान लागतं, पण मऊ पडणं त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं, आणि मऊ तंतूंवर इस्त्रीचा दाब आला की ते चपटे होतात. गडद रंगाच्या कापडावर तिथे चकाकी उमटते. माझी एक काळी पॅंट अशीच गेली. सुलट बाजूने, सुतीच्या तापमानावर इस्त्री फिरवली आणि मांडीवर काचेसारखा लख्ख पट्टा आला. पुन्हा धुतली, वाफ दिली, तो गेला नाही. चपटा झालेला तंतू पुन्हा गोल होत नाही.

म्हणून ॲक्रिलिक, नायलॉन आणि ॲसिटेटला एक ठिपका, पॉलिएस्टरला फार तर दोन. कपडा उलटा करून, आतल्या बाजूने. इस्त्री हलकी आणि सरकती ठेवा. ती अडखळायला लागली, कापडाला किंचित चिकटतेय असं हाताला जाणवलं, तर तंतू मऊ पडायला लागले आहेत असं समजून त्याच क्षणी उचला. इस्त्री झाल्यावर कपडा गरम असतानाच घडी घालू नका. सिंथेटिक निवताना ज्या आकारात असेल तोच आकार धरून ठेवतं, म्हणून पाच मिनिटं हॅंगरवर सरळ राहू द्या.

एका ठिपक्यावर वाफेचं बटण बंदच ठेवा. तळ पुरेसा तापलेला नसला की पाण्याची नीट वाफ होत नाही आणि तळाच्या भोकांतून थेंब गळतात. साधारणपणे वाफ दोन ठिपक्यांपासून वापरायची.

रेशमाच्या बाबतीत उष्णतेइतकाच पाण्याचा प्रश्न आहे. रेशीम हे प्रथिन आहे, केसासारखं. जास्त तापलं की पांढरं रेशीम पिवळसर पडतं आणि कापड कडक, ठिसूळ व्हायला लागतं. लेबलवर बहुधा एक किंवा दोन ठिपके असतात. दोन असले तरी मी एकाच्या थोडं वर, दोनच्या आत ठेवते. वरून पाणी शिंपडू नका. थेंब सुकल्यावर त्याच्या कडेचा गोल डाग राहतो. त्याऐवजी धुतलेलं रेशीम पूर्ण वाळण्याआधीच, सगळीकडे सारखं दमट असताना इस्त्री करा. वाळून गेलंच असेल तर ओलसर सुती टॉवेलमध्ये गुंडाळून थोडा वेळ ठेवा. मग उलट बाजूने, वर पातळ सुती फडकं घालून, एका जागी न थांबता.

सुती आणि लिननला दोन्ही गोष्टी हव्या असतात, उष्णता आणि पाणी. त्यांचे तंतू सेल्युलोजचे असतात. ओले झाले की त्यांतले बंध सैल होतात, आणि दाबाखाली वाळताना नव्या, सपाट आकारात पुन्हा जुळतात. कोरड्या सुती शर्टावर कितीही तापलेली इस्त्री दाबली तरी चुणी हटत नाही, तेव्हा उष्णता वाढवण्याऐवजी पाणी शिंपडा. लिनन अळशीच्या देठापासून निघतं आणि त्याचे तंतू सुतापेक्षा ताठ असतात. म्हणून चकतीवर ते सर्वांत पुढे असतं आणि त्याला चांगलं ओलसर असतानाच हात घालावा लागतो. गडद लिननवरही चकाकी येते, ते उलट बाजूने करा. कांजी केलेल्या कपड्यावर इस्त्री रेंगाळली तर कापडाआधी कांजी करपते आणि तळाला तपकिरी थर बसतो. पुढच्या पांढऱ्या कपड्यावर तो उमटण्याआधी इस्त्री थंड करून ओल्या फडक्याने पुसून घ्या.

मिश्र कापडात निकाल सर्वांत नाजूक धाग्याचा लागतो. ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सुती असा शर्ट असेल तर तो पॉलिएस्टर समजूनच दोन ठिपक्यांवर करायचा. टक्केवारी उलटी असली तरीही तेच. शिवणीचा दोरा, चिकटवलेलं डिझाइन, लेस हेसुद्धा त्या कपड्याचाच भाग आहेत.

लेबल कापून टाकलेलं असेल तर आतल्या शिवणीच्या शिल्लक कापडातून एक धागा काढा. चिमट्यात धरून, सिंकवर, ज्योतीजवळ न्या. सुती आणि लिनन भरभर जळतात, कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, उरलेला काळा गोळा बोटांनी चुरडला जातो. सिंथेटिक ज्योतीपासून आक्रसतं आणि थंड झाल्यावर टणक मणी राहतो. राखेत असे टणक कण सापडले तर कापड मिश्र आहे.

आता त्या जॅकेटकडे परत येऊ. चकती दोन ठिपक्यांवर ठेवा, दिवा दोनदा विझू द्या. बाहेरून दिसणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे आतल्या दुमडीवर, इस्त्री दोन-तीन सेकंद टेकवून उचला. कापड निवल्यावर उजेडात तिरकं धरून बघा: चकाकी, पिवळेपणा, आक्रसलेली कड. काही नसेल तर आधी अस्तर करा, कोरडं, वाफेशिवाय. मग जॅकेट सुलटं करून लिननवर पाणी शिंपडा आणि ते मुरायला पाच मिनिटं द्या. वर ओलसर फडकं घालून तेवढ्याच तापमानावर दाब द्या, फडकं वाळेपर्यंत. दोन ठिपक्यांवर लिनन थोडं हट्टी राहतं, पाठीवरच्या खोल चुण्यांना दोनदा पाणी द्यावं लागेल. कोपराजवळची एखादी घडी तरीही उरली तर तिच्यासाठी चकती तीनवर नेऊ नका. बाहीच्या आत अस्तर आहे आणि उष्णता लिननमधून थेट त्याच्यापर्यंत पोहोचते. ती घडी ओली करून जॅकेट रात्रभर हॅंगरवर टांगून ठेवा, सकाळी पुन्हा दोन ठिपक्यांवर एकदा फिरवा.