एसआरटीएफचं गणित: मूळ बर्स्ट नको, उरलेला बघा

सीपीयू शेड्युलिंगमधलं एफसीएफएस आणि साधं एसजेएफ तुम्हाला येतं, असं धरून चालतो. येत नसेल तर आधी ते करा, मग इकडे या. एसआरटीएफ, म्हणजे शॉर्टेस्ट रिमेनिंग टाइम फर्स्ट, हे एसजेएफच, फक्त चालू असलेल्या प्रोसेसला मध्येच उठवायची मुभा असलेलं. व्याख्या एका ओळीची आहे म्हणून पोरं सोडवलेलं एक उदाहरण बघतात, मान डोलावतात आणि पेपरात दोन-तीन मार्क घालवून येतात. शिवाजी विद्यापीठाची सेमिस्टर असो की गेट, फसायची जागा एकच असते. मीही तिथेच अडकायचो, म्हणून त्या जागेवर जरा जास्तच बोलणार आहे.

हे उदाहरण घ्या. कागद-पेन घेऊनच बसा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

```
प्रोसेस   अरायव्हल   बर्स्ट
P1          ०          ६
P2          २          ५
P3          ३          २
P4          ६          १
```

शून्याला एकटी P1 आहे, तिला सीपीयू द्या. पुढचा निर्णय कधी घ्यायचा? दर सेकंदाला नाही. नवी प्रोसेस आली किंवा चालू असलेली संपली, तेवढ्याच वेळी थांबून बघायचं. मधल्या वेळात काही बदलत नाही, कारण चालू प्रोसेसचा उरलेला वेळ कमीच होत जातो आणि बाकीच्यांचा आहे तिथेच असतो.

आता वेळ २. P2 आली, बर्स्ट ५. इथेच घात होतो. नजर वरच्या तक्त्याकडे जाते, P1 समोर ६ दिसतो, P2 समोर ५ दिसतो आणि हात आपोआप P2 चा डबा काढतो. चूक! P1 चे ६ आता ६ राहिलेलेच नाहीत. तिने २ खाल्ले, उरले ४. तुलना ४ आणि ५ ची आहे, त्यामुळे P1 च चालू राहील. राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्याकडे तुमची साठ पानं लागली आहेत, वीस निघाली, आणि दुसरा कुणी पन्नास पानं घेऊन आला. कमी काम आधी उरकायचं ठरवलं, तरी तो तुमची चाळीसच मोजेल, साठ नाही.

वेळ ३. P3 आली, बर्स्ट २. P1 चे उरले ३. दोन लहान, म्हणून P1 ला उठवा, P3 ला बसवा. वेळ ५ ला P3 संपली. रांगेत P1 (३) आणि P2 (५), म्हणजे परत P1. वेळ ६ ला P4 आली, बर्स्ट १. तोवर P1 चे उरले २, म्हणून पुन्हा P1 ला उठवायचं. ७ ला P4 संपली, P1 चे राहिलेले २ करून घ्या, ९ ला तिची सुटका. मग P2 सलग ५, संपली १४ ला.

```
| P1 | P3 | P1 | P4 | P1 | P2 |
०    ३    ५    ६    ७    ९    १४
```

वेळ २ ला चार्टवर रेघ नाही हे बघून घाबरू नका. निर्णय झाला होता, बदल झाला नाही, म्हणून रेघ नाही.

आता वेटिंग टाइम. क्लासमध्ये 'सुरू झाली ती वेळ वजा अरायव्हल' अशी शॉर्ट ट्रिक फिरते. साध्या एसजेएफला ती चालते, इथे नाही. त्या हिशोबाने P1 चं वेटिंग शून्य येतं, आणि बिचारी दोनदा उठून बाहेर बसली आहे! ट्रिका शिकवणाऱ्यांवर माझा राग आहे, तो असू दे. सूत्र हेच धरा:

```
टर्नअराउंड = कंप्लीशन − अरायव्हल
वेटिंग = टर्नअराउंड − बर्स्ट
```

इथे मात्र मूळ बर्स्टच घ्यायचा, उरलेला नाही. P1: ९ − ० = ९, वजा ६, वेटिंग ३. चार्टवर ताडून बघा, ३ ते ५ आणि ६ ते ७, बरोबर तीन. P2: १४ − २ = १२, वजा ५, वेटिंग ७. P3 चं टर्नअराउंड २, P4 चं १, दोघींचं वेटिंग शून्य. टर्नअराउंडची बेरीज २४, सरासरी ६. वेटिंगची बेरीज १०, सरासरी २.५.

वेळ २ ला चुकला असता तर काय झालं असतं? मूळ बर्स्टच बघत राहिलात तर चार्ट असा येतो:

```
| P1 | P2 | P3 | P2 | P4 | P2 | P1 |
०    २    ३    ५    ६    ७    १०   १४
```

शेवट इथेही १४ च. चुकलेलं काहीच दिसत नाही, ही खरी भीती. 'शेवटचा आकडा बर्स्टच्या बेरजेएवढा आला म्हणजे बरोबर' असं सांगणारे भेटतील, पण ती ताडणी ही चूक पकडतच नाही. इथे P1 चं वेटिंग ८, P2 चं ३, सरासरी २.७५.

पण पकडायचा एक मार्ग आहे. तेच गणित साध्या एसजेएफने झटकन सोडवा: P1 शून्य ते ६, मग P4, P3, P2. P1 ते P4 क्रमाने वेटिंग ०, ७, ४, ०, सरासरी पुन्हा २.७५! कॉन्टेक्स्ट स्विचचा वेळ शून्य धरला तर एसआरटीएफची सरासरी सगळ्यात कमी असते. तुमच्या चार्टमध्ये खरोखर लहान कामासाठी कुणाला उठवलं असेल, तर ती साध्या एसजेएफपेक्षा कमीच यायला हवी, बरोबरीतसुद्धा नाही. त्यामुळे २.७५ दिसलं की परत तपासा. परीक्षेत यासाठी दोन मिनिटं जातात, आणि ती वाया जात नाहीत.

त्याहून सोपं म्हणजे चूक होऊच द्यायची नाही. तक्त्याला 'उरलेला' नावाचा चौथा रकाना जोडा आणि निर्णयासाठी थांबलात की दर वेळी चालू प्रोसेसचा जुना आकडा खोडून नवा लिहा, ती उठो न उठो. वही घाण दिसते, दिसू दे. मोबाइलवरच्या सिम्युलेटरमध्ये आकडे टाकून तयार चार्ट उतरवणाऱ्यांना हे खोडणं कधीच करावं लागत नाही, म्हणून पेपरात त्यांचा हात चालत नाही.

P2 कडे एकदा बघा. दोनला आली, नऊला सीपीयू मिळाला. छोटी कामं येतच राहिली असती तर ती अशीच बसून राहिली असती. प्रश्नात 'स्टार्व्हेशन' विचारलं तर हेच उदाहरण लिहा. शिवाय बर्स्ट आधी माहीत असतो हे फक्त कागदावर. खऱ्या सिस्टीममध्ये मागच्या बर्स्टवरून अंदाज बांधावा लागतो.

आता स्वतः करायला एक बदल: P2 चा बर्स्ट ५ ऐवजी ३ करा, बाकी तसंच. वेळ २ ला या वेळी P1 खरंच उठेल, कारण ४ पेक्षा ३ लहान. वेळ ३ ला मात्र P2 चे उरलेले २ आणि नव्या P3 चे २, म्हणजे बरोबरी. पेपरात नियम दिला असेल तर तो पाळा, नसेल तर चालू असलेलीला उठवू नका आणि तसं एका ओळीत लिहा. ६ ला पुन्हा बरोबरी येईल, तिथेही तेच. बरोबरी कुणालाही दिली तरी सरासरी वेटिंग २.२५ च येतं, फक्त कुणाच्या वाट्याला किती ते बदलतं. तुमच्या मित्राचे आकडे वेगळे आणि सरासरी तीच आली, तर भांडू नका, दोघंही बरोबर आहात.