फोकस स्टॅकिंग करताय? मग या चुका टाळा, नाहीतर गांधीलमाशीला चार मिशा येतात

फोकस स्टॅकिंग म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत बऱ्याच फ्रेम काढायच्या आणि सॉफ्टवेअरनं त्यांचे शार्प भाग जोडून एकच फोटो करायचा. राजारामपुरीतल्या एका दोस्तानं परवा व्हॉट्सअ‍ॅपवर असाच फोटो टाकला. खिडकीत मरून पडलेली गांधीलमाशी, समोरून काढलेली. खाली लिहिलेलं, "भावा बारा फ्रेम स्टॅक केल्यात, तरी कायतरी बिघडलंय बघ." झूम करून बघितलं तर डोळ्यावर एक पट्टा कडक शार्प, त्याच्या मागं एक पट्टा मऊ, परत शार्प, परत मऊ. शिवाय एका मिशीभोवती धुरकट कडा आणि दुसरी मिशी टोकाला डबल. एकाच फोटोत तीन चुका सापडल्या, म्हटलं आता यावरच लिहितो.

पट्ट्यापासनं सुरू करू, कारण निम्म्याहून जास्त लोकांचं घोडं इथंच अडतं. शार्प-मऊ-शार्प असे पट्टे आले की समजायचं दोन फ्रेममधलं अंतर जास्त झालंय, मधला भाग कुठल्याच फ्रेममध्ये शार्प आलेला नाही आणि जे कुठल्याच फ्रेममध्ये नाही ते सॉफ्टवेअर कुठनं आणणार. दोस्ताचा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, मॅक्रो लेन्स १:१ वर, म्हणजे सेन्सरवर माशी खऱ्या मापाची पडते, एपर्चर एफ ५.६. या सेटिंगला पुस्तकी हिशोबानं डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे एका फ्रेममध्ये शार्प येणारी खोली, येतं साधारण ०.४५ मिलिमीटर. पण हा हिशोब फोटो लांबून बघणाऱ्यासाठीचा आहे, आपण स्क्रीनवर शंभर टक्के झूम करून डोळ्यातली जाळी बघणार, तिथं तो फार ढिला पडतो. मी सरळ निम्मं धरतो, म्हणजे ०.२ मिलिमीटर. आता माशीच्या मिशीच्या टोकापासनं छातीपर्यंत खोली आहे ६ मिलिमीटर, ६ भागिले ०.२ म्हणजे ३० फ्रेम, पुढं दोन-तीन आणि मागं दोन-तीन जास्तीच्या, म्हणजे पस्तीसेक. गड्यानं काढल्या बारा. अर्धा मिलिमीटर उडी मारत गेला की वो!

मग लोक काय करतात, "एवढ्या फ्रेम कोण काढणार" म्हणून एपर्चर एफ १६ ला नेतात. ते करू नका. १:१ ला खरं एपर्चर दुप्पट होतं, एफ १६ लावलं की कामाला एफ ३२ पडतं आणि डिफ्रॅक्शननं सगळा फोटोच मऊ होतो, आणि एकदा असा मऊ झालेला फोटो स्टॅक करून काही कडक होत नाही. एफ ५.६ चं खरं होतं एफ ११, तिथं ठीक चालतं.

बरं, कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग, म्हणजे कॅमेराच फोकस सरकवत फ्रेम काढतो ती सोय, असली तर स्टेपला १ ते १० असे नुसते आकडे असतात, त्याला मिलिमीटर बिलिमीटर काही नाही. मग ३ म्हणजे किती हे कसं कळणार? शाळेतली स्टीलची पट्टी ४५ अंशात तिरकी उभी करा, १:१ वर, एफ ५.६, स्टेप ३, दहा फ्रेम काढा. पहिल्या फ्रेममध्ये पट्टीवर कुठली रेघ सगळ्यात शार्प आहे आणि दहाव्यात कुठली, ते बघा. समजा दोन्हींत ४ मिलिमीटरचं अंतर आलं. पट्टी तिरकी आहे म्हणून ०.७ नं गुणा, खरी खोली आली २.८, दहा फ्रेममध्ये गाळे नऊ, म्हणजे एक स्टेप ०.३ च्या आसपास. जास्त आहे, २ वर किंवा १ वर या आणि परत मोजा. एपर्चर किंवा मॅग्निफिकेशन बदललं तरी परत मोजायचं, कंटाळा करायचा नाही. कॅमेरा पुढं-मागं सरकवणारी रेल वापरणाऱ्यांनीही हेच करायचं, नॉबच्या एका फेऱ्यात रेल किती सरकते ते पट्टीवर मोजून रेलवरच चिकटपट्टीवर लिहून ठेवायचं.

आणि एक, बरेच कॅमेरे जिथं फोकस आहे तिथनं मागंच जातात, पुढं येत नाहीत. त्यामुळं डोळ्यावर फोकस करून बटण दाबलं की जबडा आणि मिशा गेल्याच. सुरुवात मिशीच्या टोकाच्याही पुढं, हवेत करायची, पहिल्या फ्रेममध्ये काहीच शार्प दिसलं नाही तर बरोबर चाललंय.

आता धुरकट कडा. मिशी डोळ्याच्या समोरनं आडवी गेलीय, फोकस डोळ्यावर असतो तेव्हा ती मिशी फुगून जाड धूसर होते आणि मागचा डोळ्याचा भाग झाकते. म्हणजे मिशीच्या अगदी लगतचा डोळा स्वच्छ असा कुठल्याच फ्रेममध्ये नसतो. फ्रेम वाढवून हे जात नाही, त्यामुळं शंभर काढल्या तरी उपयोग शून्य. सगळ्यात सोपा इलाज म्हणजे माशी थोडी फिरवा, मिशी डोळ्यावरनं बाजूला जाऊ दे. नसेलच जमत तर झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये DMap आणि PMax अशा दोन्ही पद्धतीनं स्टॅक करा. DMap रंग आणि गुळगुळीत भाग छान ठेवतं पण केस-मिशा एकमेकांवर आल्या की गडबडतं, PMax केसांना उस्ताद आहे पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवतं. मग DMap चा फोटो खाली ठेवून फक्त मिशा आणि केसांच्या जागी PMax ब्रशनं रंगवायचा. हेलिकॉन फोकसमध्ये हेच काम Method B आणि Method C करतात.

डबल मिशी म्हणजे मात्र स्टॅक चालू असताना काहीतरी हललंय. पहिली आणि शेवटची फ्रेम पटापट आलटूनपालटून बघा. सगळा फोटो सरकला असेल तर टेबल किंवा ट्रायपॉड, एकटी मिशीच सरकली असेल तर माशी. दोस्ताची एकटी मिशीच वाकली होती. ताजी मेलेली माशी सुकताना मिशा आणि पाय हळूहळू वाकतात, त्यात यानं शेजारी गरम होणारा दिवा लावलेला. पिन लावून दोन-तीन दिवस सुकू द्यायची मग काढायची. आपल्याकडं पावसाळ्यात उघड्यावर ठेवली की बुरशी धरते, म्हणून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, नव्या बूट-पर्समध्ये येतात त्याच. आणि घर रस्त्याला लागून असलं तर केएमटीची बस गेली की टेबल थरथरतंय, लाईव्ह व्ह्यू दहा पट झूम करून बघा, दिसतंय ते डोळ्यानं. फ्लॅश वापरला तर थरथर गोठते, फक्त दोन फ्रेममध्ये फ्लॅश चार्ज व्हायला वेळ द्या, नाहीतर मधेच एक फ्रेम काळपट येऊन डाग पडतात. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स अर्थातच मॅन्युअल.

कडेला बारीक रेघा, सगळ्या मध्याकडं तोंड करून, अशा दिसल्या तर तो केस नव्हे, सेन्सरवरची धूळ आहे. फोकस सरकला की चित्राचा आकार किंचित बदलतो, सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम लहानमोठी करून जुळवतं, धुळीचा ठिपका मात्र सेन्सरवर जागचा हलत नाही, त्यामुळं जुळवताना त्याचीच ओळ होते. स्टॅक झाल्यावर पुसत बसण्यापेक्षा आधी एका रॉ फाइलवर ठिपका काढा आणि तीच दुरुस्ती सगळ्या फ्रेमवर सिंक करा, मग स्टॅक.

हे सगळं घरात टेबलावर. मसाई पठारावर फुलं आल्यावर तिथं पस्तीस फ्रेम काढायला जाऊ नका, वारा एक फ्रेम सुखानं काढू देत नाही. तिथं एफ ११ लावून फूल सेन्सरला समांतर धरा आणि एकच फोटो काढा.