ऑनलाइन सर्टिफिकेटचे पैसे कधी भरायचे?

बाणेरच्या एका कंपनीत डेटा ॲनालिस्टच्या पहिल्या फेरीच्या मुलाखती मी घेतो. मागे एका मुलीच्या रेझ्युमेवर अकरा ऑनलाइन सर्टिफिकेटं होती, त्यातली तीन एसक्यूएलची. तिला एकच विचारलं: ज्यांनी एकही ऑर्डर दिली नाही, अशा ग्राहकांची नावं काढ. ती अडली. उत्तर एवढंच होतं:

```sql
SELECT c.name
FROM customers c
LEFT JOIN orders o ON o.customer_id = c.id
WHERE o.id IS NULL;
```

यात तिचा सगळा दोष नाही. सर्टिफिकेटवरचं ‘व्हेरिफाइड’ म्हणजे तुमचं नाव ओळखपत्राशी ताडून पाहिलंय आणि तुम्ही गुणांची कामं पुरी केलीत, एवढंच. त्यातल्या बऱ्याच क्विझ घरी बसून पुन्हा पुन्हा देता येतात. मुलाखत घेणाऱ्याला हे ठाऊक असतं.

म्हणून आधी पैसे भरू नका. तुम्हाला हव्या त्या नोकरीच्या दहा जाहिराती वाचा. त्यात एखाद्या सर्टिफिकेटचं नाव घालून मागणी असेल, तर ती बहुधा क्लाउड कंपन्यांच्या, देखरेखीखाली होणाऱ्या परीक्षेची असते. कोर्स पुरा केल्याचा कागद वेगळा.

मग कोर्स ऑडिटमध्ये, म्हणजे पैसे न भरता, सुरू करा. व्हिडिओ आणि वाचन फुकट मिळतं, गुणांच्या असाइनमेंट आणि सर्टिफिकेट बहुतेक वेळा बंद असतं. एडएक्सवर ऑडिटला मुदत असते आणि पैसे भरून सर्टिफिकेटचा पर्याय घेण्याचीही शेवटची तारीख असते. ती आधीच लिहून ठेवा. कोर्सेरावर काही कोर्सचा पहिलाच भाग फुकट दिसतो. तिथे दरमहा वर्गणी असेल तर फुकट मिळतं तेवढं आधी उरकून घ्या, मग एका महिन्यात असाइनमेंट संपवा. नाहीतर रेंगाळण्याचे पैसे जातात.

गुणांचा पुरावा हवा असेल तर एनपीटीईएल पाहा. शिकणं फुकट, परीक्षेची फी वेगळी, आणि परीक्षा केंद्रावर बसून द्यावी लागते. 25 गुण असाइनमेंटचे, 75 परीक्षेचे. असाइनमेंटमध्ये किमान 10 आणि परीक्षेत किमान 30, दोन्ही वेगवेगळे हवेत. प्रमाणपत्रावर गुण छापलेले असतात, त्यामुळे मी ते जरा थांबून वाचतो.

रेझ्युमेत सर्टिफिकेटला शेवटी एक ओळ पुरे, पडताळणीच्या लिंकसह. कोर्स एखाद्या परदेशी विद्यापीठाचा असला म्हणून ते नाव ‘शिक्षण’ या मथळ्याखाली टाकू नका; ते लगेच खटकतं. ऑडिट केलेला कोर्स सर्टिफिकेटांत घालू नका, प्रोजेक्टच्या ओळीत ‘यासाठी अमुक कोर्स पाहिला’ असं लिहा. मी आधी प्रोजेक्टचीच लिंक उघडतो. पीएमपीएमएलच्या बसच्या वेळापत्रकावर स्वतः केलेलं वेडंवाकडं विश्लेषण असलं, तरी त्यावर वीस मिनिटं बोलता येतं.