फोटोवरून जंगाल कसं ओळखावं

जंगाल म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यावर ओलीने धरणारी हिरवट भुकटी. पितळेच्या गुंडाचा फोटो पाठवला की बहुतेक जण 'हिरवं दिसतंय, म्हणजे जंगालच' असं सांगून मोकळे होतात. नुसत्या रंगावरून हे ठरत नाही.

फोटो दिवसा, दारातल्या सावलीत, फ्लॅश न लावता काढा आणि शेजारी पांढरा कागद ठेवा. हिरव्या नेटखाली फोटो काढू नका. कागदच हिरवट आला असेल तर तो फोटो बाद समजा.

जंगालाचा हिरवा निळ्याकडे झुकतो. संत्र्याच्या बुंध्याला लावलेलं बोर्डो मलम वाळल्यावर दिसतं, त्याच्या जवळपासची ही छटा, फक्त थोडी जास्त हिरवी. शेवाळ पानासारखं हिरवं आणि ओलं चमकतं. काळपट तपकिरी थर म्हणजे धातू काळवंडलेला.

खरी फसगत होते ती क्षारांमुळे. आपल्याकडे विहिरी-बोअरचं पाणी बहुतेक जड, त्यामुळे भांड्यात पांढरा थर बसतो. त्यात तांब्याचा अंश उतरला की तोही फिकट हिरवा दिसतो. अशा वेळी रंग बाजूला ठेवा आणि डाग कुठे आहे, त्याची कड कशी आहे ते बघा. क्षार पाण्याच्या पातळीला आडव्या पट्ट्याने बसतो, कडक असतो, टवका उडाला तर आत पांढरा दिसतो. जंगालाला पातळी नसते. जिथे ओल अडकते तिथे ते धरतं: काठाची दुमड, कडीचे रिव्हेट, बुडाचा सांधा. ते भुकटीसारखं, विनाचमक, तुटक ठिपक्यांचं असतं. लिंबू टाकून फेस आला की क्षार, हा सल्ला तर अजिबात ऐकू नका. जंगालातही तांब्याचं कार्बोनेट असतं, फेस त्यालाही येतो.

नात्यातल्या एका घरून आलेल्या फोटोत गुंडाच्या गळ्याखाली निळसर ठिपके होते आणि आत एक हिरवट पट्टा. फोटो मोठा केला तेव्हा पट्टा आडवा, सरळ आणि टवक्यात पांढरा निघाला, म्हणजे क्षार. ठिपके मात्र दुमडीतच होते आणि पुसट भुकटीचे होते, ते जंगाल. त्यांनी घाबरून आतला पट्टा घासायला घेतला होता आणि गळा तसाच सोडला होता.

समईच्या तेलाच्या खळगीतला मेणचट हिरवा गाळ फोटोत वेगळा दिसतो, पण त्यातही तांबं उतरलेलं असतं, म्हणून तोही काढाच.

शंका उरली तर ओल्या पांढऱ्या चिंधीने डाग चोळून चिंधीचा फोटो काढा. जंगालाची भुकटी तिच्यावर हिरवी उतरते. तोवर त्या भांड्यातलं पाणी पिऊ नका, आंबट तर त्यात ठेवूच नका. चिंच-मिठाने दुमड घासा, भरपूर पाण्याने धुवा, कोरडं पुसून पालथं ठेवा. काही दिवसांनी त्याच जागेचा पुन्हा फोटो घ्या. ठिपके परत आले असतील तर दुमडीत अजून ओल राहते आहे, आणि ती दुमड तांबटाकडून बघून घ्यावी लागेल.