गिझर बसवताना: ठिबकणारा व्हॉल्व्ह आणि त्याची नळी

हे वर्णन फ्लॅटमधल्या नेहमीच्या १५ लिटरच्या स्टोरेज गिझरचे आहे: भिंतीवर उभा टांगलेला, खालून पाणी घेणारा, २००० वॅटचा, गच्चीवरच्या टाकीतून पाणी येणारा.

टांगण्याचे काम सोपे आहे. भरलेला गिझर पंचवीस किलोच्या आसपास जातो. विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर पुरतात. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत मात्र ते निघून येतात, तिथे आरपार बोल्ट घाला आणि पलीकडून पट्टी लावा. प्लगसाठी अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेट हवा, आणि तो शॉवरच्या शिंतोड्यांपासून लांब. निळी खूण म्हणजे थंड पाणी आत, लाल म्हणजे गरम बाहेर. उलटे जोडले तर गरम पाणी काही मगांतच कोमट होते.

खरी गोम निळ्या बाजूला आहे. खोक्यात पितळेचा जो छोटा व्हॉल्व्ह येतो, तो बहुधा एकातच दोन कामे करतो: पाणी मागे जाऊ देत नाही, आणि दाब फार वाढला की थोडे पाणी बाहेर सोडतो. ही दोन कामे जोडीनेच हवीत. नॉन-रिटर्न नसेल, तर गच्चीवरची टाकी रिकामी झाल्यावर गिझरमधले पाणी मागे ओढले जाऊ शकते आणि कॉइल कोरडी जळते. नुसता नॉन-रिटर्न लावलात, तर तापून फुगलेल्या पाण्याला जायला जागाच उरत नाही.

किती फुगते? १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर नेले की ते साधारण पाव लिटरने वाढते. या वेळी नळ बंद असतात, मागची वाट नॉन-रिटर्नने अडवलेली असते आणि पाणी दाबले जात नाही. त्यामुळे दाब झपाट्याने चढतो आणि व्हॉल्व्ह ते जास्तीचे पाणी थेंबाथेंबाने सोडतो. म्हणजे गिझर चालू असताना ठिबकणे हा बिघाड नव्हे. “गळतंय” म्हणून त्या तोंडाला डमी ठोकणारा, किंवा स्प्रिंगचा स्क्रू आवळणारा प्लंबर असेल, तर त्याला तिथेच थांबवा. मग थर्मोस्टॅट अडकला तर दाब गिझरची टाकीच फोडून बाहेर पडेल.

व्हॉल्व्ह बसवताना त्यावरचा बाण गिझरच्या टाकीच्या दिशेला ठेवा. टेफ्लॉन टेप नेहमी बाहेरच्या आट्यांवर गुंडाळा, पण तिचे तुकडे आत जाऊ देऊ नका, ते सीटवर अडकून कायमची गळती लावतात. आवळताना टाकीचा निपल दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर जोर वेल्डिंगवर येतो. अँगल कॉक व्हॉल्व्हच्या अलीकडे, म्हणजे भिंतीच्या बाजूला. व्हॉल्व्ह आणि गिझरची टाकी यांच्यामध्ये कोणताही कॉक बसवायचा नाही: तो कोणी बंद केला की व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. व्हॉल्व्हवर लिहिलेला दाब गिझरच्या पाटीवरच्या दाबापेक्षा जास्त नको. अनेक गिझरांच्या पाटीवर ८ बार लिहिलेले असते, पण आपली पाटी वाचूनच घ्या.

आता व्हॉल्व्हच्या तोंडातून ठिबकणारे पाणी वाहून नेणारी नळी. बागेचा पाइप नको. बिघाड झाला तर इथून उकळते पाणी येऊ शकते आणि तो पाइप मऊ पडून निसटतो. सीपीव्हीसी किंवा तांब्याची नळी घ्या. ती व्हॉल्व्हच्या तोंडाइतकी तरी रुंद हवी, सगळीकडे उतारावर हवी, मध्ये झोळ नको, कॉक नको. शेवट नहाणी ट्रॅपच्या वर चार बोटे मोकळा सोडा. ट्रॅपमध्ये किंवा बादलीत बुडवलात तर सांडपाणी मागे ओढले जाण्याची भीती राहते, आणि ठिबक दिसतही नाही. उभे राहण्याच्या जागेवर तोंड येऊ देऊ नका.

जोडणी झाली की गरम नळ उघडा, मगच अँगल कॉक. नळातली फुसफुस थांबून सलग धार लागेपर्यंत प्लगला हात लावू नका. धार लागल्यावर नळ बंद करा, व्हॉल्व्हची कडी उचला: नळीतून पाणी आले पाहिजे, आणि कडी सोडली की थांबले पाहिजे. बोअरचे क्षारयुक्त पाणी असेल तर ही कडी दर दोन-तीन महिन्यांनी उचला, क्षार साचून ती अडकते.

गिझर बंद आणि गार असतानाही ठिबकत राहिले, तर आधी कडी दोन-चार वेळा उघडमिट करून सीटवरचा कचरा वाहू द्या. तरी थांबले नाही तर लाइनचा दाब मोजा. नुसत्या उंचीमुळे गच्चीवरच्या टाकीपासून खाली दर १० मीटरला सुमारे १ बार मिळतो, त्यामुळे उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर किंवा प्रेशर पंप असलेल्या घरात दाब खरोखर जास्त असू शकतो. तसे असेल तर लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. दाब ठीक असूनही ठिबकत असेल तर सीट खराब आहे, व्हॉल्व्हच बदला.